बंद न केलेला टॅग (एचटीएमएल)

एचटीएमएल या वेबपृष्ठांच्या मांडणीभाषेत ज्या घटकाचा प्रारंभ टॅग लिहिलेला आहे पण समाप्ती टॅग लिहिलेला नाही, त्या घटकाच्या टॅगला बंद न केलेला टॅग म्हणतात. उदाहरणार्थ, `<b>` लिहून `</b>` न लिहिणे. पूर्ण पृष्ठ समोर असताना अशी चूक शोधणे तुलनेने सोपे असते. प्रत्यक्षात मात्र मदत मागणारी व्यक्ती बहुधा पृष्ठातील काही ओळींचा तुकडाच डकवते आणि निदान तेवढ्यावरूनच करावे लागते. अशा तुकड्यात समाप्ती टॅग दिसत नाही, याचे चार अर्थ संभवतात. तो टॅग नियमानुसार वगळता येण्याजोगा असेल, तुकड्याच्या सीमेपलीकडे लिहिलेला असेल, पृष्ठ घडवणारी आज्ञावली तो नंतर जोडत असेल, किंवा खरोखरच राहून गेला असेल. यांपैकी फक्त शेवटचा अर्थ हा दोष आहे.

## पार्श्वभूमी

एचटीएमएल ४.०१ ही आवृत्ती (डिसेंबर १९९९) एसजीएमएल या जुन्या मांडणीभाषेच्या नियमांवर आधारलेली होती आणि त्या नियमांत काही समाप्ती टॅग वगळण्याची स्पष्ट मुभा होती. त्यापाठोपाठ २००० च्या जानेवारीत आलेल्या एक्सएचटीएमएल १.० मध्ये ही मुभा काढून घेण्यात आली. तेथे प्रत्येक टॅग बंद करावाच लागे आणि एक्सएमएल म्हणून वाचल्या जाणाऱ्या पृष्ठात एखादा टॅग उघडा राहिला, तर ब्राउझर पृष्ठाऐवजी दोषाचा संदेश दाखवी. चुकलेले एचटीएमएल मात्र प्रत्येक ब्राउझर आपापल्या पद्धतीने सावरून घेत असे. त्यामुळे एकाच तुकड्याचे दोन ब्राउझरांत दोन वेगळे वृक्ष तयार होत आणि निदान करणाऱ्यास आधी ब्राउझर कोणता, हे विचारावे लागे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिकृत शिफारस झालेल्या एचटीएमएल ५ ने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. चुकीचे एचटीएमएल कसे वाचावे, याचीही पायरीपायरीने कृती मानकातच लिहिली गेली. चूक ही चूकच राहिली, पण तिचा परिणाम ठरलेला झाला. तुकड्यावरून काही खात्रीने सांगता येते, ते या एका गोष्टीमुळे.

## वगळता येणारे समाप्ती टॅग

`<br>`, `<img>`, `<input>`, `<hr>`, `<meta>` यांसारख्या रिक्त घटकांना समाप्ती टॅग असतच नाही. `<p>`, `<li>`, `<tr>`, `<td>`, `<option>` यांचा समाप्ती टॅग विशिष्ट परिस्थितीत वगळता येतो, कारण पुढचा टॅग पाहून आधीचा घटक संपला हे वाचकप्रणालीला कळते. या नियमाची माहिती नसल्यास पुढील तुकड्यासंबंधी हमखास उलटे निदान होते.

```html
<p>सोबत आणावयाची कागदपत्रे:
<ul>
  <li>अर्ज
  <li>छायाचित्र
</ul>
</p>
```

सहज पाहणाऱ्यास येथे दोन्ही `<li>` उघडे आणि `<p>` नीट बंद केलेला दिसतो. वस्तुस्थिती नेमकी विरुद्ध आहे. दुसरा `<li>` येताच पहिला आपोआप संपतो आणि `</ul>` येताच दुसरा संपतो. दोन्ही गोष्टी पूर्णपणे नियमाला धरून आहेत. परिच्छेदाच्या पोटात यादी ठेवता येत नसल्याने `<ul>` दिसताच `<p>` देखील तेथेच संपतो, आणि हेही वैधच आहे. दोष आहे तो शेवटच्या `</p>` मध्ये. त्याला जुळणारा उघडा परिच्छेद उरलेलाच नसतो. अशा वेळी इतर बहुतेक समाप्ती टॅगांप्रमाणे त्याच्याकडे दुर्लक्ष केले जात नाही. मानकानुसार त्या जागी एक रिकामा परिच्छेद निर्माण होतो. यादीखाली अकारण मोकळी जागा दिसते, अशी तक्रार अनेकदा येथूनच उद्भवते, कारण पृष्ठाची शैली त्या रिकाम्या `<p>` लाही समास किंवा उंची देऊ शकते.

या तुकड्याचे निदान तुकड्यापुरते पूर्ण आहे. आधी किंवा नंतर काय लिहिले आहे हे न पाहताही `</p>` काढून टाकावा, असे सांगता येते. अपवाद एकच. हा सगळा मजकूर एखाद्या टिप्पणीत किंवा `<script>` मधील अक्षरमालेत असेल, तर तो या ठिकाणी एचटीएमएल म्हणून वाचलाच जात नाही.

## उदाहरण: ठळक अक्षरांची गळती

बंद न केलेल्या टॅगाचा सर्वांत परिचित परिणाम म्हणजे एका शब्दासाठी केलेले ठळक, तिरपे किंवा लहान अक्षर पुढच्या मजकुरात उतरणे. तो कसा घडतो, हे पुढील तुकड्यावरून पाहता येते.

```html
<div class="suchana">
  <p>नावनोंदणी <b>विनामूल्य आहे.</p>
  <p>वेळ: सायंकाळी ६</p>
</div>
<p>संपर्क</p>
```

येथे `<b>` परिच्छेदाच्या आत उघडला आहे आणि `</p>` येईपर्यंत बंद झालेला नाही. परिच्छेद संपला की त्यातील ठळक अक्षरेही संपतील, ही अपेक्षा स्वाभाविक असली तरी चुकीची आहे. वाचकप्रणाली दोन नोंदी समांतर ठेवत असते. पहिली उघड्या घटकांची चळत. `</p>` आल्यावर या चळतीतून `<b>` आणि `<p>` दोन्ही काढले जातात. दुसरी म्हणजे चालू अक्षररूपांची यादी. तिच्यात `<b>`, `<i>`, `<small>`, `<font>`, `<a>` यांसारखे मोजके अक्षररूप-घटक नोंदले जातात आणि स्वतःचा समाप्ती टॅग येईपर्यंत सहसा तेथेच राहतात. पुढे मजकुराचे पहिले अक्षर येताच, मग ते नुसते ओळ तोडणारे रिकामे चिन्ह का असेना, प्रणाली ही यादी पाहते आणि चळतीत नसलेला `<b>` नव्याने उभा करते. परिणामी तयार होणारा वृक्ष पुन्हा एचटीएमएल रूपात लिहिल्यास असा दिसतो:

```html
<div class="suchana">
  <p>नावनोंदणी <b>विनामूल्य आहे.</b></p><b>
  <p>वेळ: सायंकाळी ६</p>
</b></div><b>
<p>संपर्क</p></b>
```

मूळ तुकड्यात `<b>` एकदाच लिहिलेला आहे, वृक्षात मात्र तो तीनदा आला. दुसरा परिच्छेद संपूर्ण ठळक झाला आणि `</div>` ओलांडून `संपर्क` हा शब्दही ठळक झाला. म्हणजे बाहेरची चौकट बंद असली तरी ती ही गळती थोपवत नाही. तिच्या समाप्तीला दुसरा `<b>` चळतीतून निघतो, पण यादीतील नोंद तशीच राहते आणि पुढच्याच ओळतोडीला तिसरा उभा राहतो.

`<b>` च्या जागी `<span class="thalak">` असता आणि ठळकपणा शैलीपत्रकातून दिला असता, तर ही गळती झालीच नसती. `<span>` अक्षररूपांच्या यादीत मोडत नाही. तो `</p>` बरोबर चळतीतून निघून जातो आणि पुन्हा उभा राहत नाही. दोष तोच, पण पृष्ठावर काहीही बिघडलेले दिसत नाही. पृष्ठ नीट दिसते म्हणून टॅग बंद आहेत, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

या चुकीचा एक उपप्रकार म्हणजे तिरपी रेघ विसरणे, म्हणजेच `</small>` लिहावयाच्या जागी पुन्हा `<small>` लिहिणे. अशा वेळी एक नव्हे, दोन टॅग उघडे राहतात आणि पुढील अक्षरे दुप्पट आकसतात. हे वारंवार घडले तरी परिच्छेद संपल्यावर नव्याने उभ्या होणाऱ्या सारख्याच टॅगांची संख्या तीनपुढे जात नाही. मानकाने यादीतील एकरूप नोंदींवर तशी मर्यादा घातली आहे. विकिमीडिया प्रकल्पांतील जुन्या चर्चापानांवर हा प्रकार मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला. तेथे २०१८ पर्यंत टायडी हे साधन सदस्यांचे अर्धवट टॅग सावरून घेत असे. त्याची जागा एचटीएमएल ५ च्या नियमांप्रमाणे वाचणाऱ्या रेमेक्स या साधनाने घेतल्यावर अशा काही पानांवरील मजकूर निराळा दिसू लागला. हे दोष `Special:LintErrors` या पानावर प्रकारवार नोंदले जातात.

## परिणामाची व्याप्ती

वरील उदाहरणात `<b>` परिच्छेदात उघडून परिच्छेदाबाहेर राहिला, हा दोष तुकड्यावरून निर्विवाद आहे. पुढे कोठेतरी `</b>` लिहिलेला असला तरीही तो दोषच राहतो, कारण आत उघडलेला टॅग आतच बंद व्हावा लागतो. उपायही निश्चित आहे: `</p>` च्या आधी `</b>` लिहिणे. मात्र यापुढचे संपूर्ण पृष्ठ ठळक होईल, हे विधान त्याच खात्रीने करता येत नाही. ते तुकड्याभोवती काय आहे यावर अवलंबून असते.

हाच तुकडा एखाद्या तक्त्याच्या `<td>` मध्ये असेल, तर गळती त्या कप्प्यापुरती राहते. कप्पा सुरू होताना अक्षररूपांच्या यादीत एक खूण ठेवली जाते आणि कप्पा संपताना त्या खुणेपर्यंतच्या सर्व नोंदी पुसल्या जातात. `<th>`, `<caption>`, `<object>` आणि `<template>` यांच्याबाबतही असेच घडते. जुन्या पद्धतीची, संपूर्ण मांडणी तक्त्यांवर बेतलेली पृष्ठे अर्धवट टॅग असूनही बऱ्यापैकी टिकून दिसत, त्यामागे हेही एक कारण आहे. अशा पृष्ठातील कप्प्याचा मजकूर नव्या, `<div>` वर आधारलेल्या मांडणीत हलवला की वर्षानुवर्षे झाकलेला दोष एकाएकी पृष्ठभर पसरतो आणि ठपका नव्या मांडणीवर येतो.

तुकडा जावास्क्रिप्टमधून `innerHTML` द्वारे पृष्ठात घातला जात असेल, तर व्याप्ती आणखी निराळी ठरते. त्या वेळी तुकड्याचा वृक्ष स्वतंत्रपणे बांधून मग यजमान घटकात बसवला जातो. आतला `<b>` कितीही उघडा असला तरी यजमान घटकाबाहेर जात नाही. याउलट पृष्ठात दूरवर दुसरे एखादे `<b>…</b>` असेल, तर त्याने ही गळती थांबेल असे समजणे चूक आहे. तो `</b>` अगदी अलीकडे उघडलेल्या `<b>` ला, म्हणजे आपल्याच जोडीदाराला बंद करतो आणि जुना तसाच चालू राहतो.

म्हणून तुकड्यावरून दोषाची जागा आणि दुरुस्ती सांगता येते. व्याप्ती सांगण्यासाठी मात्र तो कोणत्या घटकात आणि कोणत्या मार्गाने पृष्ठात येतो, हे विचारावे लागते.

## कापलेला तुकडा आणि `<div>`

`<div>`, `<section>`, `<table>`, `<ul>` यांचे समाप्ती टॅग वगळता येत नाहीत. तरीही तुकड्याच्या सुरुवातीला `<div>` आहे आणि शेवटपर्यंत `</div>` नाही, एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही. तुकडा तेथे कापला आहे, इतकेच त्यातून कळते. या घटकांची व्याप्ती मोठी असते आणि त्यांचा शेवट शेकडो ओळींनंतर, कित्येकदा वेगळ्याच फाईलमध्ये असतो.

वर्डप्रेसच्या पारंपरिक थीममध्ये `header.php` ही फाईल `<div id="page">` सारखी चौकट उघडते आणि `footer.php` ती बंद करते. केवळ पहिली फाईल पाहिल्यास `<div>` उघडा दिसतो, केवळ दुसरी पाहिल्यास `</div>` अनाथ दिसतो, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य असतात. अशा `header.php` च्या शेवटी कोणी चांगल्या हेतूने `</div>` जोडला, तर चौकट मजकूर सुरू होण्यापूर्वीच संपते, सगळा मजकूर तिच्याबाहेर पडतो आणि रुंदी व समास यांचे नियम त्याला लागू होत नाहीत. `footer.php` मधील मूळ `</div>` ला आता जुळणारे काही उरलेले नसते. त्याच्याकडे दुर्लक्ष होते. मूळ पृष्ठात नसलेला दोष अशा रीतीने निदानातूनच निर्माण होतो.

तुकड्यात पीएचपी किंवा तत्सम आज्ञा मिसळलेल्या असतील, तर टॅग मोजून जुळवणेही फसवे ठरते. `if` च्या एका फाट्यात `<div class="a">` आणि दुसऱ्यात `<div class="b">` असून दोहोंसाठी नंतर एकच `</div>` असणे रास्त आहे. मोजणीत दोन प्रारंभ आणि एक समाप्ती दिसते, पण प्रत्यक्ष पृष्ठात दर वेळी एकच जोडी उतरते.

कापलेल्या तुकड्यातही एक प्रकारचा `<div>` निःसंशय दोषी ठरवता येतो. त्याच्याबाहेर, त्याच्याआधी उघडलेला घटक तुकड्यातच बंद झालेला असला पाहिजे. उदाहरणार्थ, `<li><div>…</li>` या क्रमात `<div>` ची संधी `</li>` पाशीच संपते. पुढे काय लिहिले आहे, याने त्यात फरक पडत नाही. वरच्या उदाहरणातील `<b>` चे निदान ज्या आधारावर निश्चित होते, तोच हा आधार आहे.

## तुकड्याचा उगम

ब्राउझरमधील «पृष्ठाचा मूळ पाठ पाहा» ही सोय सर्व्हरकडून आलेली अक्षरे जशीच्या तशी दाखवते. त्याच ब्राउझरच्या घटक-तपासणी फलकात मात्र सावरून घेतल्यानंतरचा वृक्ष दिसतो. तेथून `Copy outerHTML` ने घेतलेल्या तुकड्यात रिक्त घटक सोडता प्रत्येक टॅग बंदच असतो, कारण तो लिहिताना ब्राउझर समाप्ती टॅग स्वतः भरतो. अशा तुकड्यात उघडा टॅग शोधणे व्यर्थ आहे. त्यात टॅग उघडा दिसलाच, तर तो निवडताना किंवा नंतर हाताने कापला गेला आहे.

दुरुस्तीच्या खुणा मात्र तेथेही राहतात. नुसत्या रिकाम्या जागेने सुरू होऊन पूर्ण परिच्छेदांना वेढणारा `<b>`, कोणी न लिहिलेला `<p></p>`, एकच दुवा पाठोपाठच्या अनेक परिच्छेदांत पुनःपुन्हा उमटणे, ही मूळ पाठात काही उघडे राहिल्याची लक्षणे होत. तक्त्यात न लिहिलेला `<tbody>` दिसणे हे मात्र लक्षण नव्हे. तो ब्राउझर नेहमीच घालतो.

## पुढील मजकूर गिळणारे टॅग

`<textarea>`, `<title>`, `<style>` आणि `<script>` यांच्या आत टॅग ओळखले जात नाहीत. स्वतःचा समाप्ती टॅग येईपर्यंतचे सर्व काही त्यांच्यासाठी साधा मजकूर असतो. `<title>` उघडा राहिल्यास पृष्ठ कोरे दिसते आणि `<textarea>` उघडा राहिल्यास उरलेले पृष्ठ टॅगांसकट लेखनचौकटीत उतरते. ही लक्षणे इतकी वेगळी आहेत की तक्रारीच्या वर्णनावरूनही संशय योग्य जागी जातो. मात्र सर्व पृष्ठ कोरे दिसण्याला इतर कारणेही असल्याने त्यावरून निर्णय करता येत नाही.

टॅगाचे शेवटचे `>` चिन्ह राहून जाणे हा याहून फसवा प्रकार होय.

```html
<p>प्रवेश <b>विनामूल्य</b</p>
```

येथे `</b` नंतर `</p>` सुरू झाला, असे वाचकप्रणाली मानत नाही. `<` हे चिन्हही ती टॅगाच्या नावातच धरते. त्यामुळे `b<` नावाचा एकच समाप्ती टॅग तयार होतो आणि त्या नावाचे काही उघडे नसल्याने तो सोडून दिला जातो. एका चिन्हापायी `<b>` आणि `<p>` दोन्ही उघडे राहतात. त्यांतला `<p>` पुढच्या परिच्छेदापाशी आपोआप संपतो, `<b>` मात्र वर सांगितल्याप्रमाणे गळू लागतो.

## तपासनीसाचे संदेश

एचटीएमएल तपासनीसात केवळ तुकडा डकवल्यास पृष्ठप्रकाराची घोषणा नाही, शीर्षक नाही, असे दोष प्रथम दाखवले जातात. ते तुकड्याच्या अपुरेपणाचे असतात, मूळ पृष्ठाचे नव्हेत. `<td>` ने सुरू होणारा तुकडा तर एकटा तपासताच येत नाही, कारण तक्त्याबाहेर तो टॅगच सोडून दिला जातो. असा तुकडा `<table><tr>` मध्ये ठेवून तपासावा लागतो.

वरील ठळक अक्षरांच्या उदाहरणासाठी उपयोगी संदेश दोन: `End tag “p” seen, but there were open elements.` आणि `Unclosed element “b”.` पहिला संदेश चूक लक्षात आली ती जागा दाखवतो, दुसरा उघडा राहिलेला टॅग. हे दोन्ही संदेश एकत्र आले, तर दोष तुकड्याच्या आत आहे. तुकड्याच्या शेवटाशी निगडित असा `Unclosed element “div”.` एकटाच आला आणि `<div>` हा सर्वांत बाहेरचा घटक असला, तर मूळ फाईलमधील त्यापुढच्या ओळी मागवल्याशिवाय `</div>` जोडण्याचा सल्ला देता येत नाही.